‘नाहीं’वरचे टिंब: एका प्रतिक्रियेला उत्तर

“तुम्ही संपादित केलेला पत्रसंग्रह वाचला. पानोपानी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘जाहलें’. प्रुफे कोणी तपासली की नाही? एकाच पानावर ‘घरी’ आणि ‘घरीं’ दोन्ही! मनाच्या श्लोकातही ‘सर्वसूखी’ अशी ढोबळ चूक. चिपळूणकरांनंतरचे गद्य मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार छापायचे असते, हे संपादकाला माहीत असायला हवे. आळसाला निष्ठेचे नाव देऊ नये. तळटिपांचा टाइप वाचवत नाही, सूची नाही, किंमत मात्र भरपूर.”

आपण पुस्तक विकत घेऊन वाचलेत, याबद्दल आभार. तळटिपांचा टाइप बारीक आहे हे मान्य. पाने वाढू नयेत म्हणून तो तसा ठेवला होता, पुढच्या आवृत्तीत एका पॉइंटने वाढवू. किमतीबद्दल प्रकाशकाशी बोलावे.

आता ‘आळस’. हा शब्द मला लागला, आणि लागला हे लपवत नाही. मतभेद असू शकतात, पण न भेटलेल्या माणसाच्या कष्टांवर असा शेरा मारण्याआधी चौकशी करायची रीत आमच्या गुहागरकडे तरी आहे. माझी उमेदवारी खिळ्यांच्या छापखान्यात झाली. तिथे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे, अशी पद्धत होती. वाचणारा ‘नाहीं’ म्हणून थांबत नसे, ‘नाहीं, वर टिंब’ असे म्हणत असे. हा संग्रह आम्ही तसाच वाचला. एकाच्या हातात मूळ पत्राचा फोटो, दुसऱ्याच्या हातात प्रूफ, आणि प्रत्येक टिंबाचा उच्चार. ‘नाहीं’चे सगळीकडे ‘नाही’ करायला संगणकावर एक मिनिट लागते. आळशी माणसाने तेच केले असते.

आपल्या प्रतिक्रियेतले उत्तर देण्याजोगे वाक्य एकच आहे, महामंडळाच्या नियमाचे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे आणि त्यानंतरचे चालू नियमांप्रमाणे, हा नियम मला पाठ आहे. जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती तपासायला आली की मी तो पाळतोही. कादंबरी छापण्यासाठीच लिहिलेली असते, तिची प्रुफे लेखकाच्या हयातीत कोणीतरी सुधारलेलीच असतात. या संग्रहातली पत्रे १८९५ ते १९३० या काळातली, म्हणजे चिपळूणकरांनंतरची आहेत हे खरे. पण ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. ती घरातली कागदपत्रे आहेत. खरेदीखताची नक्कल करताना आपण त्यातले शुद्धलेखन सुधाराल का?

एक जागा उघडून दाखवतो. दक्षिणेकडच्या एका वाडीतून जावई सासऱ्यांना लिहितात: “पोफळीचीं रोपें ४०, केळीं २५, हें गड्याबरोबर पाठविणें.” जुन्या लेखनात ‘केळें’ म्हणजे फळ आणि त्याचे अनेकवचन ‘केळीं’. ‘केळ’ म्हणजे झाड आणि त्याचे अनेकवचन ‘केळी’, टिंबाशिवाय. आपल्या नियमाने टिंब काढले तर ओळ ‘पोफळीची रोपे ४०, केळी २५’ अशी होईल. कोकणातला कोणताही बागायतदार ती कशी वाचेल? नव्या पोफळींना सावली म्हणून मधून केळी लावतात, तेव्हा जावयाने पंचवीस केळींचीही लागवड मागितली, असेच तो समजेल. क्रियापदाचाही आधार नाही, कारण ‘पाठविणें’ दोन्हीला चालते. प्रत्यक्षात मागितली होती फळे. पुढच्याच पत्रात “केळीं पोंचलीं, दोन डागळलेलीं निघालीं” असे आहे. इथे सुदैवाने पुढचे पत्र हाती आहे. संग्रहात अशी अनेक पत्रे आहेत ज्यांच्या मागचे-पुढचे काहीच उरलेले नाही. तिथे टिंब हाच पुरावा.

‘घरी’ आणि ‘घरीं’ एकाच पानावर आले, हा आपल्याला निष्काळजीपणाचा कळस वाटला. त्या पानावर एकाच बाईंची दोन पत्रे आहेत. त्यांना लिहिता येत नव्हते, मुंबईतल्या मुलासाठी त्या पत्रे सांगत आणि दुसरे कोणी लिहीत. शाळामास्तरांनी लिहिले की अनुस्वार जागच्या जागी, शेजारच्या मुलाने लिहिले की एकही नाही. मास्तरांनी लिहिलेल्या पत्रांत बाई सुनेबद्दल अवाक्षर काढत नाहीत, शेजारच्या मुलाने लिहिलेल्यांत मनातले सगळे सांगतात. पत्राखाली लेखनिकाचे नाव नाही, आणि छापील पानावर अक्षराचे वळणही दिसत नाही. दोन्हीकडे ‘घरी’ केले असते तर कोणाच्या हातून कोणते पत्र गेले हे वाचकाला कधीच कळले नसते.

म्हणजे आम्ही काहीच सुधारले नाही, असे नाही. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले होते, कुठे रफार शेजारच्या अक्षरावर गेला होता. ते सगळे दुरुस्त केले. यंत्राची चूक ओळखायची कशी? ती सगळ्यांच्या पत्रांत सारखीच येते. पत्र लिहिणाऱ्याची खोड त्याच्या एकट्याच्याच पत्रांत सापडते. तरीही निकाल मूळ कागद पाहूनच करायचा. फाटलेल्या जागी आम्ही भरलेली अक्षरे चौकटी कंसात आहेत. प्रस्तावना आणि टिपा आमच्या, म्हणून त्या आजच्या लेखनात आहेत. पण टिपेत पत्रातला शब्द उद्धृत केला असेल तर तो पुन्हा जुन्याच रूपात. प्रूफ वाचताना सर्वांत जास्त डोळा ठेवावा लागतो तो इथेच, कारण एकाच ओळीत दोन लेखनपद्धती असतात आणि हात सवयीने दोन्ही सारख्या करू पाहतो.

‘सर्वसूखी’बद्दल मात्र मी नरमाईने लिहू शकत नाही. दुसऱ्याची ‘ढोबळ चूक’ काढण्याआधी ओळ एकदा म्हणून पाहायची होती. “जनीं सर्वसूखी असा कोण आहे” हे भुजंगप्रयात आहे, लघु-गुरु-गुरु असे चार गण. ज-नीं-सर्, व-सू-खी, अ-सा-को, ण-आ-हे. ‘सू’ ऱ्हस्व केलात की दुसरा गण मोडतो. समर्थांनी तो वृत्तासाठी दीर्घ केला आहे आणि पुढे ‘पूर्वसंचीत’मध्येही तेच केले आहे. आपण ज्या चुकीवर बोट ठेवलेत ती पत्रलेखकाची नाही, आमची नाही, आणि चूकही नाही. हा श्लोक ज्या पत्रात आला आहे, त्यात दुसऱ्या ओळीत ‘शोधूनि’ऐवजी ‘शोधोनि’ आहे. लिहिणाऱ्याला तो श्लोक तसा पाठ होता. तेही आम्ही तसेच ठेवले आणि छापील पाठ टिपेत दिला. अवतरण दुरुस्त केले की त्या माणसाने तो श्लोक कसा ऐकला-म्हटला होता, हे पुसले जाते.

मी एवढा हट्ट का धरतो, तेही सांगतो. पूर्वी एका संग्रहाचे काम माझ्याकडे होते. प्रकाशकांनी परस्पर सगळी पत्रे नव्या नियमांत बसवली आणि मूळ कागद घरमालकांकडे परत पाठवले. काही पावसाळ्यांनंतर मी ते पाहायला गेलो तेव्हा पेटीत वाळवीने शिल्लक ठेवलेला भुगा होता. फोटो कोणी काढले नव्हते. आज त्या पत्रांत ‘केळी’ आले तर ती झाडे की फळे, हे सांगायला कोणी नाही.

सूचीची मागणी ठीक आहे, बघू. आणि यापुढे चूक दाखवायची असेल तर पत्राचा क्रमांक आणि ओळ कळवावी. मूळ पत्राचा फोटो मी आपल्याला पाठवतो. प्रुफात आणि त्यात फरक सापडला तर दुरुस्ती करू. फोटोतही तसेच असेल, तर ते तसेच राहील.