बाळाच्या वजनाचा आलेख फोटोवरून वाचताना

नवी आई बाळाच्या पुस्तिकेतल्या वजनाच्या आलेखाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि विचारते, "बरोबर आहे ना?" त्यावर आपल्याकडे ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक, "पोर बारीक शे, वरचं दूध चालू कर." दुसरं, "काही होत नाही, आपल्या घरात सगळे असेच बारीक." पहिलं उत्तर घातक आहे हे बहुतेकांना पटतं. मला दुसऱ्याबद्दल बोलायचंय. बाळ डोळ्यांनी न बघता "काही होत नाही" म्हणणं हेसुद्धा निदानच झालं. मी बरीच वर्षं लसीकरणाच्या खोलीत सिस्टर म्हणून बाळांची वजनं घेतली आहेत, आणि तरीही फोटो बघून यातलं एकही वाक्य मी बोलत नाही.

मध्यंतरी चोपड्याहून भाचीचा फोटो आला. पहिली मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. पेनाने केलेलं शेवटचं टिंब अगदी तळाच्या रेषेवर होतं आणि रेषेच्या टोकाला ३ छापलेलं. खाली मेसेज: "मावशी, शंभरात तीन? म्हणजे नापासच ना गं?"

तिला रेषा समजावल्या. हे परीक्षेचे गुण नाहीत. एकाच वयाच्या शंभर निरोगी मुली सगळ्यात हलक्यापासून सगळ्यात जडपर्यंत ओळीने उभ्या केल्या, तर ३ ची रेषा म्हणजे जिच्यापेक्षा तिघी हलक्या आहेत तिची जागा. १५ च्या रेषेखाली पंधरा जणी, ५० च्या खाली निम्म्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हे आलेख काढले ते भारतासह सहा देशांतल्या, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या, आईच्या दुधावरच्या बाळांवरून. त्यामुळे प्रत्येक बाळ ५० वर असलंच पाहिजे असं नाही. निम्मी बाळं त्याखालीच असतात.

मग टिंबाकडे वळलो. फोटो तिरका काढलेला असला की रेषा सरकल्यासारख्या दिसतात, आणि पहिल्या महिन्यांत त्या इतक्या जवळजवळ असतात की डोळा हमखास चुकतो. म्हणून मी टिंबावर विश्वास ठेवत नाही. तिला म्हटलं, "आलेख राहू दे. जन्मतारीख, आणि ज्या पानावर वजन आणि तारीख लिहिली आहे त्याचा सरळ वरून फोटो पाठव."

आकडे आले. जन्माचं वजन २.८ किलो, दीड महिन्याच्या लसीला ४ किलो, आणि आता ५.१. तारखा मोजल्या तर शेवटच्या वजनाला बाळाला तीन महिने पूर्ण होऊन दोनच दिवस झालेले. टिंब मात्र ४ च्या उभ्या रेषेवर! कुणीतरी विचारलं असणार, "कितवा महिना?" आणि घरच्यांनी सांगितलं असणार, "चौथा लागला." आपण तसंच मोजतो. आलेख मात्र पूर्ण झालेले महिने मोजतो. मुलींच्या आलेखात ५.१ किलो चार महिन्यांना ३ च्या रेषेवर येतं, तीन महिन्यांना १५ च्या. मुलगी तीच, वजन तेच, फक्त टिंब एक घर उजवीकडे गेलेलं. (पान मुलींचंच आहे ना, हेही बघावं. मुलांच्या पानावर तीन महिन्यांचं ५.१ किलो पुन्हा ३ च्याच रेषेवर येतं. बहुतेक पुस्तिकांत मुलींचं पान गुलाबी, मुलांचं निळं असतं.)

तिन्ही वजनं नीट मांडली तर तिन्ही टिंबं १५ च्या रेषेवर किंवा तिला लागूनच येतात. हे मी तिला सांगितलं. एका टिंबापेक्षा टिंबं कुठल्या दिशेने चाललीत ते जास्त बोलतं, हेही सांगितलं: दोन वजनांमध्ये रेघ आडवी झाली, खाली वळली किंवा एखादी छापील रेषा ओलांडून उतरली, तर पुढच्या लसीची वाट न बघता बाळ दाखवायचं.

त्यावर तिचा पुढचा मेसेज आला, "म्हणजे ती ठणठणीत आहे?" तिथे मी थांबले. बाळ दूध कसं ओढतं, अंगाने कसं आहे, लांबी आणि डोक्याचा घेर किती, वजन कपड्यांसकट घेतलं की उघड्या अंगाने, यातलं काहीच फोटोत नव्हतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असतं तर वयच वेगळं धरावं लागलं असतं, म्हणून तेही विचारून घेतलं. पूर्ण दिवसांचं होतं.

एक गोष्ट मात्र मी आलेखाबद्दल बोलण्याआधीच विचारते: बाळ दूध पिईनासं झालंय का, मलूल आहे का, लघवी कमी झालीय का, अंग तापलंय का? यातलं एकही असेल तर आलेख बाजूला ठेवायचा आणि आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठायचा. टिंब ५० वर असलं तरी.

तिच्या बाळाला असं काही नव्हतं. तिला म्हटलं, वरचं दूध, घुटी, उन्हाळा आहे म्हणून पाणी, यातलं काहीही या फोटोवरून सुरू करू नकोस. आईच्या दुधावरच्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत पाणी लागत नाही, आपल्या जळगावच्या मे महिन्यातसुद्धा. पुस्तिका घेऊन डॉक्टरांकडे जा. टिंब तीन महिन्यांवर नव्याने मांडून घे, वजन उघड्या अंगाने पुन्हा करून घे, आणि लांबी व डोक्याचा घेर त्याच दिवशी लिहून घे. ठणठणीत आहे का, हे त्यांनी बाळ तपासून सांगायचं.