दुसऱ्या प्रकरणातल्या त्या याद्या

मागच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी पीएचडीचं दुसरं प्रकरण घेऊन घरी आली. विषय गोव्यातल्या खाजन जमिनी, म्हणजे खाडीकाठच्या, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनी. मूळची दिवाडीची, लहानपणापासून बांधावरून चालत शाळेत गेलेली मुलगी, त्यामुळे विषय तिच्या अंगात भिनलेला. पण प्रकरण उघडलं आणि पहिल्याच पानावर दिसलं: ‘अमुक यांनी खाजनातील मातीचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की... तमुक यांनी खाजनातील मातीचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की...’ अशी चाळीसएक पानं. प्रत्येक परिच्छेद एका पेपरचा, आणि शेजारच्या परिच्छेदाशी त्याचं बोलणंच नाही.

गोव्यातल्या कॉलेजांत शिकवताना आणि थिसिस वाचताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं मनापासून वाईट वाटतं. मुलं वाचत नाहीत असं नाही. ही मुलगी प्रत्येक पेपर दोनदा वाचून आली होती. वाचलेलं मांडायचं कसं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. ‘लिटरेचर रिव्ह्यू करून आण’ एवढंच सांगितलेलं.

मी तिला एकच गोष्ट करायला लावली. दोन परिच्छेदांची जागा बदल आणि काही बिघडतंय का बघ. काहीच बिघडलं नाही. मग पाच परिच्छेद उलटसुलट केले, तरी प्रकरण तसंच वाचता येत होतं. युक्तिवादात असं होत नाही, तिथे एक वाक्य पुढच्याला धरून उभं असतं. तिचं तिलाच कळलं, मला वेगळं बोलावं लागलं नाही.

मग आम्ही एक तक्ता केला. एक्सेलमध्ये, साधाच. प्रत्येक ओळीत एक पेपर. स्तंभांना मात्र ‘उद्देश, पद्धत, निष्कर्ष’ अशी नावं द्यायची नाहीत, हे मी आधीच सांगितलं. त्या नावांनी तक्ता केला की आडवं वाचलं जातं आणि पुन्हा एकेका पेपरचा सारांशच हाती येतो. स्तंभांत प्रश्न हवेत, आपल्या थिसिसचे प्रश्न. तिच्या तक्त्यातले तीन असे: खाजन नापीक का झालं असं हा पेपर म्हणतो? ते कशाच्या आधारावर म्हणतो? आणि मोजलं असेल तर कोणत्या महिन्यात, कसं मोजलं? भरायचं आडवं, वाचायचं उभं.

तिसऱ्या स्तंभावर ती आधी कुरकुरली. ‘सर, महिना कशाला?’ पण प्रकरणाला वळण लागलं ते तिथेच.

तिच्या ढिगात मातीच्या क्षारतेवरचे तीन पेपर होते. त्यांना इथे अ, ब आणि क म्हणतो. ‘अ’ म्हणत होता की ही जमीन भातासाठी फार खारट झालीय. ‘ब’ म्हणत होता की क्षारता भाताला सोसेल इतकीच आहे. ‘क’ दोघांच्या मधे. तिच्या मूळ मसुद्यात हे तीन परिच्छेद ओळीने होते आणि तिघांचं पटत नाही याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. तक्त्यात उभं वाचताना दिसलं की ‘अ’ने माती मे महिन्यात काढली होती आणि ‘ब’ने ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात खाजनात खारं पाणी झिरपतं, वरचा थर सुकतो आणि मीठ पृष्ठभागाशी येतं. जूनपासून आपल्याकडचा पाऊस ते धुऊन काढतो, म्हणून तर कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात तिथे पावसाळ्यात होतं. म्हणजे दोघंही बरोबर होते. ‘क’ची गोष्ट वेगळी. त्याने मातीत दुप्पट पाणी मिसळून क्षारता मोजली होती, बाकी दोघांनी संपृक्त चिखलाच्या अर्कातून. पातळ द्रावणात आकडा कमीच येतो. जमीन क्षारयुक्त म्हणायची ती 4 डेसिसिमेन्स प्रति मीटरची जी रूढ मर्यादा आहे, ती संपृक्त अर्कासाठी आहे. ‘क’चा आकडा त्या मर्यादेशी सरळ ताडून पाहताच येत नाही.

मग तिने लिहिलं: ‘खाजनातील मातीच्या क्षारतेविषयी अभ्यासकांत दिसणारा मतभेद मुख्यतः नमुना कधी घेतला आणि कसा मोजला, यातून आलेला आहे. उन्हाळ्यात घेतलेले नमुने जमीन नापीक ठरवतात (अ), पावसाळ्यातले लागवडयोग्य (ब). क यांचे आकडे वेगळ्या पद्धतीचे असल्याने या दोहोंशी थेट ताडता येत नाहीत. त्यामुळे वर्षभराचे चक्र न पाहता खाजनाला नापीक म्हणणे घाईचे ठरते.’ तीन परिच्छेदांचा एक झाला. वाक्याचा कर्ता आता लेखकाचं नाव नाही, मुद्दा आहे. नावं कंसात गेली. आणि शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे, तिन्ही पेपरांत ते कुठेच नव्हतं.

इथे एक सांगतो, कारण पुष्कळ गाईडही इथेच अडकतात. ‘थीमप्रमाणे लिही’ म्हटलं की मुलं उपशीर्षकं देतात: क्षारता, बांध, मासेमारी, कायदा. आणि प्रत्येक उपशीर्षकाखाली पुन्हा तीच यादी. ‘क्षारता’ हा नुसता कप्पा झाला. ‘क्षारतेवरचा वाद हा खरं तर महिन्यांचा वाद आहे’ ही थीम. जे पूर्ण वाक्यात सांगता येत नाही ते अजून सापडलेलं नाही, असं मी धरतो.

उलटी चूकही होते. एका वाक्याच्या शेवटी कंसात सात नावं कोंबायची. ती सात माणसं खरंच तेच म्हणतात का, हे मग वाचणाऱ्याला कळत नाही, आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही नाही. एखादा पायाभूत अभ्यास असेल, ज्याच्यावर बाकी सगळे उभे आहेत, तर त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यायलाच हवा. आणि विषयावर चारच पेपर असतील तर तक्त्याचा हट्ट धरू नये, ते चार नीट समजावून सांगावेत.

खाजनाच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढे आलं. तिच्या ढिगात दोन गट होते आणि ते एकमेकांना वाचतच नव्हते. एका बाजूला माती-पाण्यावरचे पेपर. दुसऱ्या बाजूला समाजशास्त्राचे: बांध आणि खाडीचं पाणी आतबाहेर सोडणारी मानस पूर्वी गावकारी ही गावची सामूहिक संस्था, म्हणजे कोमुनिदाद, सांभाळत असे; 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली; मानशीतल्या मासेमारीच्या हक्काच्या लिलावातून पैसा येतो, म्हणून खारं पाणी आत घेण्याचा मोह होतो. मातीवाल्या पेपरांत मानशीची दारं नादुरुस्त असल्याचं एखाद्या ओळीत, जागेचं वर्णन म्हणून, येऊन जातं. ती दारं दुरुस्त का होत नाहीत, हे दुसऱ्या गटाने पानंच्या पानं लिहिलंय. दोन्ही एकाच परिच्छेदात आणल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘सर, आमच्या वाड्यावर हे सगळ्यांना माहीत आहे.’ असेल. पण तिच्या ढिगातल्या एकाही पेपराने ते जोडलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने तक्त्यात चौथा स्तंभ घातला: मोजणीच्या वेळी मानशीचं दार उघडं होतं की बंद, आणि ते कुणाच्या ताब्यात होतं? वरपासून खालपर्यंत सगळी घरं रिकामी राहिली. तिचं तिसरं प्रकरण आता त्या रिकाम्या स्तंभावर उभं आहे. येत्या मे महिन्यात मातीचे नमुने काढायला ती बांधावर जाईल तेव्हा वहीत दाराचीही नोंद करणार आहे, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा.