हळदीच्या रेघा आणि सुरीची धार: चॉपिंग बोर्डबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लाकूड पाणी पितं आणि त्यात जंतू राहतात, हे कुणालाही कळतं. हॉटेलांत सगळीकडे प्लॅस्टिकच दिसतं. आणि लाकूडच हवं तर टणक, स्वस्त बांबू सोडून शिसवाचा आग्रह कशाला? लेख पटला नाही.»

दादा, लाकूड पाणी पितं हे अगदी खरं. पण त्या पाण्याबरोबर आत गेलेल्या जंतूंचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. लाकडी बोर्ड प्लॅस्टिकइतका सुरक्षित कसा करता येईल, हे शोधायला ते निघाले होते. दिसलं ते उलटंच. लाकडावर टाकलेले जंतू थोड्याच वेळात आत ओढले जात आणि पृष्ठभागावर सापडेनासे होत. लाकूड फोडून पाहिलं तर आत काही काळ जिवंत जंतू मिळायचे, पण तिथे त्यांची वाढ होत नसे आणि हळूहळू ते मरत. नवं, गुळगुळीत प्लॅस्टिक सहज स्वच्छ झालं. सुरीच्या चरे पडलेलं प्लॅस्टिक मात्र हाताने घासून नीट स्वच्छ होईना, विशेषतः त्यावर कोंबडीची चरबी लागलेली असताना.

तुमच्या घरी जुना पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड असेल तर हळद लावलेलं चिकन कापून झाल्यावर नेहमीसारखा घासा आणि उजेडात तिरका धरून बघा. बोर्ड एकसारखा पिवळसर दिसेल, पण मधोमध, जिथे सुरी सारखी पडते तिथे, गडद पिवळ्या बारीक रेघांचं जाळं दिसेल. हळद प्लॅस्टिकच्या अंगातही उतरते, त्यामुळे पिवळेपणा म्हणजे जंतू असं मी म्हणत नाही. पण रेघ गडद का राहिली? कारण काथ्याचे तंतू त्या फटीच्या तळापर्यंत पोचलेच नाहीत. नखाने आडवं ओढून पाहा. नख अडकलं तर तो बोर्ड कच्च्या मांस-मासळीसाठी बाद झाला.

हॉटेलांचं गणित वेगळं असतं. मोठ्या स्वयंपाकघरात कडक गरम पाण्याचं मशीन असतं, मांस, मासळी, भाजी यांना वेगवेगळ्या रंगांचे बोर्ड असतात आणि चरे पडलेला बोर्ड बदलला जातो. आपण तोच बोर्ड सहा-सहा वर्षं वापरतो.

आता बांबू. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे, आणि त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच कण. शिवाय बोर्ड एकसंध नसतो, पट्ट्या डिंकाने चिकटवून केलेला असतो. त्यावर कांदा चिरताना टक्-टक् असा कोरडा आवाज येतो. सुरीची धार केसापेक्षाही बारीक कड असते. पृष्ठभाग दबला नाही तर ती कडच वळते. टोमॅटोची साल कापली न जाता दबायला लागली की समजावं, धार वळली. मी एकाच सुरीने बांबूच्या बोर्डावर काम केलं तेव्हा दहा-बारा दिवसांत टोमॅटो दबू लागला. शिसवाच्या फळीवर महिनाभर तरी निभतं. बांबू पाणी कमी पितो, हा त्याचा गुण मला मान्य आहे. सुरी स्वस्त असेल आणि तुम्ही दर आठवड्याला धार लावत असाल तर खुशाल घ्या. काचेचा आणि ग्रॅनाइटचा बोर्ड मात्र कुणीच घेऊ नये.

शिसवाचाच आग्रह नाही, आंब्याची जाड फळीही चालते. सागात सिलिका असते, म्हणून तो मी टाळते.

एका बाबतीत तुमची शंका माझ्या लेखातली उणीव दाखवते. लाकूड ओलं राहिलं तर सगळं बिघडतं, हे मी ठळक लिहायला हवं होतं. पहिल्याच पावसाळ्यात मी बोर्ड ओट्यावर आडवा ठेवला होता. चार दिवसांनी उलटला तर खाली काळे ठिपके आणि कोंदट वास. तेव्हापासून धुतल्यावर लगेच पुसून तो काठावर उभा करते, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा, आणि बेसिनमध्ये कधी भिजत टाकत नाही. दोनेक महिन्यांनी औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चोळते. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते खवट होतं.

आणि मासळी-चिकनला मी स्वतः पातळ प्लॅस्टिकचाच बोर्ड वापरते. बांगड्याचा वास लाकडातून निघता निघत नाही, आणि प्लॅस्टिक खराब झालं की टाकून देता येतं. तो आधी साध्या पाण्याने धुवायचा, मग साबण आणि गरम पाणी. एकदम गरम पाणी ओतलं तर रक्त गोठून चऱ्यांत बसतं. तो बोर्ड मी 1 वर्षाने, किंवा नख अडकलं की त्याआधीच, बदलते.