दहा टक्के माल तपासला म्हणजे सारखा न्याय झाला?

“लॉट कितीही असो, दहा टक्के माल उघडून बघा. एकही खराब निघाला नाही तर घ्या, एक जरी निघाला तर परत पाठवा. लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा न्याय, आणि यापेक्षा कडक तपासणी नाही. ते सॅम्पलिंग प्लॅन आणि ओसी कर्व्ह परीक्षेपुरते.”

कोकम, आंबा, काजूवाल्यांच्या ग्रुपवर हा मजकूर सीझनला हमखास फिरतो. मी सिंधुदुर्गात डिप्लोमाच्या मुलांना क्वालिटी कंट्रोल शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं सरबताच्या युनिटमध्ये माल तपासत होतो. या मजकुरातलं काहीच साध्या आकडेमोडीपुढे टिकत नाही.

आधी न्यायाचं बघू. कोकम सरबताच्या बाटल्या घ्या. दोष एकच: झाकण गळतं. बाटली वर्तमानपत्रावर उलटी ठेवली की थोड्या वेळात कागदावर लाल डाग दिसतो. समजा दोन्ही ठिकाणच्या मालात अगदी सारखे, म्हणजे शंभरात ४ दोष आहेत. एकाने ५० बाटल्या पाठवल्या, दुसऱ्याने १०००.

पन्नासच्या लॉटमध्ये गळक्या बाटल्या २, आणि आपण तपासणार ५. लॉट पास व्हायचा तर दोन्ही गळक्या बाटल्या न तपासलेल्या ४५ मध्ये राहायला हव्यात. पहिली तिथे असण्याची शक्यता ५० पैकी ४५, दुसरीची ४९ पैकी ४४. गुणाकार केला की उत्तर येतं ०.८१. म्हणजे असे शंभर लॉट आले तर ८१ पास. आता हजारचा लॉट. गळक्या ४०, तपासायच्या १००. चाळीसच्या चाळीस गळक्या बाटल्या आपल्या हातून सुटल्या तरच तो पास, आणि तसं शंभरात एक-दोनदाच घडतं. माल तोच, दोष तेवढेच, नियम तोच. एकाला ८१, दुसऱ्याला जेमतेम दीड. याला सारखा न्याय कसा म्हणायचं?

कारण असं, की नमुन्याची पारख ठरते ती नमुन्यात किती नग आहेत त्यावर, ते लॉटच्या किती टक्के आहेत त्यावर नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. तांदूळ पातेल्यात शिजवला की लग्नाच्या हंड्यात, त्यावर शितांचा आकडा ठरवत नाही आपण. हेच आकड्यांत बघायचं तर प्रत्येक लॉटमधून सरसकट २० बाटल्या तपासा आणि एकही गळकी चालणार नाही असं ठरवा. चार टक्के दोषाचा पन्नासचा लॉट शंभरात ३६ वेळा पास होतो, हजारचा ४४ वेळा. लॉट वीसपट झाला तरी फरक एवढाच. आणि हा फरकही येतो तो ५० पैकी २० तपासल्या म्हणजे जवळपास निम्मा लॉटच बघून झाला म्हणून.

या नियमातून पळवाट कशी निघते हे मी स्वतः पाहिलंय. एक पुरवठादार एकाच दिवशी भरलेल्या हजार बाटल्या पन्नास-पन्नासच्या वीस चलनांवर पाठवायचा. आम्ही प्रत्येक चलनातल्या ५ तपासायचो. एकूण तपासलेल्या बाटल्या १०० च, श्रम तेवढेच. पण एक चलन असतं तर जो माल जवळजवळ नक्की परत गेला असता, त्यातली सोळाएक चलनं गोदामात जाऊन बसायची. नंतर खोक्यांना मुंग्या लागल्या की आमची धावाधाव.

वर्गात हे मी चिंचोक्यांनी दाखवतो. हजार चिंचोके, त्यातले ४० लाल ऑइलपेंटने रंगवलेले. आधी पन्नासचे वीस ढीग, प्रत्येकातून ५. मग सगळे एका टोपलीत कालवून १००. गेल्या वर्षी वीसपैकी सतरा ढीग पास झाले, आणि टोपलीतून चार लाल निघाले. एक गोष्ट मात्र मला उशिरा लक्षात आली: रंगवलेला चिंचोका बोटांना वेगळा लागतो आणि मुलं नकळत तो टाळतात किंवा उचलतात. तेव्हापासून हाताऐवजी डाव वापरतो.

आता कडकपणाचं. घेणारा आणि देणारा यांनी आपसांत ठरवलं, की शंभरात एक गळकी चालेल. हजारात अशा १० गळक्या आहेत, म्हणजे माल ठरल्याप्रमाणे आहे. दहा टक्क्यांच्या नियमाने तो शंभरात फक्त ३५ वेळा पास होतो. उरलेल्या ६५ वेळा चांगला माल टेम्पोत भरून परत. ‘एकही नको’ हे ऐकायला कडक वाटतं, पण त्याचा ओसी कर्व्ह काढून बघा. आडव्या अक्षावर लॉटमधले दोष, उभ्यावर पास होण्याची शक्यता. शून्यवाल्या नियमाची रेघ सुरुवातीपासूनच धाडकन खाली येते. चांगल्या मालासाठी वरती जो सपाट खांदा हवा, तो तिला नसतोच.

खांदा येतो एक-दोन दोष चालवून घेतल्यावर, आणि त्याच्या बदल्यात नमुना वाढवल्यावर. नमुना तपासणीचं भारतीय मानक आयएस २५००, त्याच्या तक्त्यात हजारच्या लॉटला, नेहमीच्या तपासणी पातळीवर आणि एक टक्का एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची ठरलेली पातळी, धरून, ८० नग तपासायचे आणि २ पर्यंत दोष चालवायचे असं मिळतं. एक टक्का दोषाचा माल मग शंभरात ९५ वेळा पास होतो, दोन टक्क्यांचा सुमारे ७८ वेळा. मात्र चार टक्क्यांचाही शंभरात ३७च्या आसपास होतो. हे लपवायचं कारण नाही. एक्यूएल एक टक्का म्हणजे पास झालेल्या प्रत्येक लॉटमध्ये एक टक्क्याहून कमीच दोष, असा अर्थ कधीच नव्हता.

चार टक्केवाला अडवायचाच असेल तर २०० तपासा आणि ४ पर्यंत चालवा. एक टक्क्याचा माल ९५हून जास्त वेळा पास, चार टक्क्यांचा दहाहून कमी वेळा. देणाऱ्याचा धोका आणि घेणाऱ्याचा धोका, दोन्ही आटोक्यात. किंमत म्हणजे ८० च्या मानाने अडीचपट वर्तमानपत्रं आणि अडीचपट वेळ. हा हिशेब माल घेण्याआधी मांडता येतो तो ओसी कर्व्हमुळेच. तो परीक्षेपुरता असता तर वीस चलनांचा तो खेळ आम्हाला पहिल्याच महिन्यात कळायला हवा होता. कळला नाही, कारण तेव्हा आमच्यापैकी कोणी तो काढलाच नव्हता.

तोच तक्ता ५० च्या लॉटला १३ नग सांगतो, हजारला ८०, दहा हजारला २००. टक्केवारी २६ वरून ८ वर आणि मग २ वर उतरते. मोठ्या लॉटला नमुना थोडा वाढतो, कारण तिथे चुकीचा निर्णय महाग पडतो. गणिताला तेवढे नग लागतातच असं नाही.

वरचे सगळे आकडे एका अटीवर उभे आहेत: प्रत्येक बाटलीला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. टेम्पोच्या मागच्या फळीजवळचे वरचे दोन क्रेट उघडले तर ती अट मोडली. कुडाळहून घाट चढून आलेल्या गाडीत सगळ्यात जास्त भार खालच्या क्रेटवर येतो, आणि झाकणं तिथेच सैल होतात. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच वरचं शीत खालच्याबद्दल काही सांगतं. म्हणून क्रेटना नंबर घाला, चिठ्ठ्या काढा, आणि तळातल्या क्रेटची चिठ्ठी निघाली तर वरचे सगळे उतरवून तोच उघडा.