उपाशीपोटी १० किलोमीटर आणि उपाशीपोटी ३२ किलोमीटर

वाचकाची प्रतिक्रिया : «मी गेली चार वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी १० किलोमीटर धावतो, मला कधी काही झाले नाही. तुम्ही मात्र धावता धावता साखरेचे पाणी प्या म्हणता. चरबी घटवायला धावायचे आणि वाटेत साखर खायची, हे कुठले शास्त्र? एनर्जी जेल विकणाऱ्यांची जाहिरात वाटते.»

सप्रेम नमस्कार.

आपला अनुभव मला पूर्ण मान्य आहे. तासाभराच्या धावण्याला किंवा जिममधल्या तासाभराच्या व्यायामाला मध्ये काहीही खाण्याची गरज नसते, पाणी पुरते. ही मर्यादा मी लेखात ठळकपणे लिहायला हवी होती. माझे म्हणणे दोन तासांच्या पुढच्या लॉन्ग रनपुरते आहे, आणि तिथे गणित बदलते.

धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला १० किलोमीटरला ६०० आणि ३२ किलोमीटरला सुमारे १,९०० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरींचा असतो. काही ऊर्जा चरबीतूनही मिळत असल्यामुळे हा साठा पुरेल असे कागदावर वाटते. पण एका स्नायूतले ग्लायकोजेन दुसऱ्या स्नायूला उसने देता येत नाही. दंडातला साठा शाबूत असला तरी मांड्यांच्या उपयोगी पडत नाही. यकृतातला साठा रक्तातली साखर टिकवतो खरा, पण रात्रभराच्या उपवासात तोच बराच उतरलेला असतो. चरबी मुबलक असली तरी तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, म्हणून साठा संपला की वेग राखता येत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. खडकवासल्याकडून परतताना २६व्या किलोमीटरच्या आसपास श्वास ठीक असूनही पाय उचलेनात, घाम थंड वाटू लागला, आणि बुटाची सुटलेली नाडी बांधायला बोटे नीट वळेनात. टपरीवर दोन कप गोड चहा आणि बिस्किटे घेतली, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत डोके ताळ्यावर आले. दम लागलेला नसताना वेग कोसळणे, चिडचिड होणे आणि साधी बेरीज न सुचणे ही साखर उतरल्याची खूण समजावी.

आता चरबीबद्दल. उपाशीपोटी धावताना चरबी अधिक जळते हे खरे आहे, परंतु वजन घटते ते दिवसभराच्या आणि आठवड्याच्या एकूण हिशेबावर. शिवाय धावताना इन्सुलिन खालच्या पातळीवर असते आणि पोटात गेलेली साखर स्नायू लगेच वापरतात. बसल्या जागी खाल्लेल्या साखरेशी तिची तुलना करता येत नाही.

जेलची सक्ती मी करत नाही. पहाटे ५ वाजता निघायचे असेल तर ४ वाजता जॅम लावलेले पावाचे दोन स्लाइस आणि एक केळे खावे. त्यातून सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके मिळतात. शेंगदाण्याची चिक्की किंवा तुपातला शिरा त्या वेळी नको, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू घालून सरबत करावे. त्यातले अर्धा लिटर तासाभरात घोट घोट घेतले की ३० ग्रॅम होतात, आणि अर्धे केळे खाल्ले की आणखी १२. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासानंतरच सुरुवात करावी. सरबत याहून दाट केले, किंवा जेलवर साध्या पाण्याऐवजी पुन्हा गोड पेयच प्यायले, तर पोट डचमळते आणि कळा येतात. पोटालाही सराव लागतो, म्हणून तासाला ३० ग्रॅमपासून आरंभ करून दर रविवारी थोडे वाढवावे. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नये.

पाण्याचा अतिरेकही घातक ठरतो. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहावे. नंतरचे वजन वाढलेले दिसले तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, आणि त्यातून रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते.

धावून आल्यावर तासाभरात पोह्यांसोबत दोन अंडी आणि पेलाभर दूध घ्यावे. नुसत्या पोह्यांत प्रथिने फार कमी असतात. अंडी आणि दूध मिळून साधारण २० ग्रॅम होतात. अंडी चालत नसतील तर पनीर घ्यावे. दुपारी भात-आमटीचे नेहमीचे जेवण केले की दुसऱ्या दिवसापर्यंत साठा बऱ्यापैकी भरून निघतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र वरचे आकडे आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नयेत.