४० मिलिसेकंद म्हणे!

ब्लूटूथ इयरबड्सच्या खोक्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय: गेमिंग मोड, ४० मिलिसेकंद. म्हणजे आवाजाला उशीर फक्त तेवढाच. अठराशे रुपये मोजले मी त्या आकड्यासाठी. आणि मी खेळतो तो तालाचा गेम, गाण्याच्या ठोक्यावर स्क्रीनवर नोट येते आणि तिच्यावर नेमका टॅप करायचा. महिनाभर रोज मुलुंड ते दादर लोकलमध्ये माझ्या हातून एकेक नोट निसटत होती. ज्या गाण्यावर वर्षभर हात बसलाय, त्याच गाण्यावर स्क्रीन ओरडतेय Late, Late, Late. मला वाटलं आपलीच बोटं मंदावली. त्याचा राग सगळ्यात जास्त आहे. चूक त्यांची आणि महिनाभर संशय मी स्वतःवर घेतला.

दुकानात काय झालं ते ऐका. मी विचारलं, गेममध्ये आवाज मागे पडतो का? दुकानदाराने लगेच एक व्हिडिओ लावला. "बघा ना भाऊ, ओठ हलतायत तसाच आवाज येतोय." येणारच! व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपला फोन सांगतो की ब्लूटूथवर आवाज इतका उशिरा पोहोचणार आहे, म्हणून ते अ‍ॅप चित्रच तेवढं थांबवून दाखवतं. चित्र आणि आवाज दोन्ही मिळून उशिरा येतात, कोणाला कळत नाही. गेमला हे करता येत नाही. माझं बोट काचेवर कधी पडणार हे त्याला आधी माहीतच नसतं. तरी गेमिंगच्या नावाखाली विकलेला माल व्हिडिओवर तपासून दाखवतात. गिऱ्हाईकाला काय समजतात हे लोक?

शेवटी एका रविवारी मीच मोजायला बसलो. गेममध्ये टॅपचा आवाज चालू केला, एक इयरबड कानातून काढून काचेजवळ ठेवला आणि दादाच्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं. नखाने काचेवर टकटक केलं. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर आवाजाच्या एडिटरमध्ये उघडलं की दोन टोकं स्पष्ट दिसतात, आधी नखाची टक आणि मग गेमचा आवाज. मधलं अंतर मोजायचं. असे दहा टॅप घेऊन सरासरी काढली. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ९५ मिलिसेकंद आले. हा फोनचा आणि गेमचा स्वतःचा वेळ, तो धरूनच चालावं लागतं. इयरबड्स साध्या मोडमध्ये ३१०. गेमिंग मोडमध्ये १८५.

म्हणजे स्पीकरच्या वर चांगले ९० मिलिसेकंद. ते ४० कुठून कुठपर्यंत मोजले, कोणत्या फोनवर मोजले, हे खोक्यावर कुठेच नाही. आणि ९० म्हणजे थोडं नव्हे. गाणं १८० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १८० ठोक्यांचं असेल तर एक ठोका ३३३ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा हिस्सा ८३. वेगवान भागात नोटा याच अंतराने येतात. म्हणजे मी एक अख्खी नोट मागे ऐकतोय आणि त्यावर ताल धरतोय!

आता कोणीतरी सांगेलच, सेटिंगमध्ये जाऊन ऑफसेट लाव की. लावला. घरी बसून लावला, Early आणि Late सारखे येईपर्यंत सरकवत नेला आणि गाणं खरंच जागेवर आलं. ऑफसेट म्हणजे गेमला सांगायचं की हा माणूस गाणं एवढं उशिरा ऐकतोय, नोटा आणि निकाल तेवढेच पुढे सरकव. पण त्याने टॅपचा आवाज सरकत नाही. तो बोट पडल्यावरच निघतो आणि ९० मिलिसेकंद उशिराच कानात येतो, त्यामुळे प्रत्येक टॅप मनात डगमगतो. तो बंद करून टाकणं एवढंच हातात उरतं. आणि नेमबाजीच्या गेममध्ये तर काहीच उपाय नाही. मागून येणाऱ्या माणसाची पावलं आधी माहीत नसतात, ती सरकवणार कशी? भाऊ तेच खेळतो, पावलं ऐकू येतात तेव्हा समोरचा वळलेला असतो.

बरं, घरी जुळवलेला ऑफसेट लोकलमध्ये टिकला का? नाही! डब्यात शेकडो फोन, शेकडो ब्लूटूथ, सगळे त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. वर चारी बाजूंनी माणसांची भिंत. साध्या मोडमध्ये इयरबड आवाजाचा थोडा साठा करून ठेवतो, एखादा तुकडा हरवला तर परत मागवून घेतो. गेमिंग मोड वेळ वाचवतो तो बराचसा हाच साठा कमी करून. मग घाटकोपरला गर्दी आत शिरली की आवाज तुटतो, आणि तुटून परत जोडला की उशीर आधीइतकाच राहील याचा भरवसा नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. सगळे टॅप एकाच बाजूला, सारख्याच फरकाने Late असतील तर ऑफसेट चुकलाय. कधी Early, कधी Late असे विखुरले आणि स्पीकरवर तेच हात नीट चालत असतील, तर जोडणीच डळमळतेय. तिथे सेटिंग कितीही फिरवा, व्यर्थ.

तेव्हा वायर. पण फोनला इयरफोनचा जॅकच नाही! काढून टाकला, आणि आता तो परत मिळवायला आपण अडॅप्टर विकत घ्यायचा. पहिला घेतला दीडशेचा, टाईप सी. लावला, इयरफोन कानात, गेम चालू केला आणि गाणं सगळ्या डब्यात वाजलं स्पीकरवरून. एका काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोनच बंद केला. कारण त्या अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा होत्या. असे अडॅप्टर फोनने स्वतः टाईप सीमधून अ‍ॅनालॉग आवाज दिला तरच चालतात, आणि पुष्कळ फोन तो देतच नाहीत. ज्याच्या आत डॅकची चिप असते, म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग जो स्वतःच करतो, तो हवा. दिसायला दोन्ही सारखेच, आणि दुकानदाराला विचारलं तर "सगळ्या फोनला चालतो". ओळखायचं असेल तर लॅपटॉपच्या टाईप सीला लावा. आवाजाच्या यादीत नवीन उपकरण दिसलं तर आत चिप आहे. नुसत्या तारांवाला तिथे दिसणार नाही.

चिपवाला साडेपाचशेला मिळाला. त्याच पद्धतीने मोजलं, ९२ मिलिसेकंद. स्पीकरच्या बरोबरीने! तरी पहिल्या दिवशी सगळं Early आलं, कारण ब्लूटूथसाठी लावलेला ऑफसेट तसाच राहिला होता. वायर लावली की तो आधी शून्यावर आणायचा. फोनमधला इक्वलायझर आणि ते सभोवार आवाजाचं सेटिंगही बंद करायचं, कारण अशा प्रक्रियेमुळे कित्येक फोनवर आवाज जलद मार्ग सोडून लांबच्या मार्गाने जातो आणि वायर असूनही उशीर वाढतो.

आणि चार्जिंग? भोक एकच. दोन्ही एकत्र चालणारा दुतोंडी अडॅप्टर आणला, तर चार्जर लावला की कानात घूंऽऽ. म्हणजे तोही बदलायचा. अठराशे, दीडशे, साडेपाचशे, वर हा. जो जॅक फोनमध्येच असायचा, त्याच्यासाठी!

इयरबड्स परत करायला गेलो तर म्हणे गाणी वाजतायत ना, मग खराब कुठे आहेत? मी रेकॉर्डिंग दाखवलं, दोन टोकं दाखवली, मधलं अंतर दाखवलं. तो म्हणाला, एवढं कोण मोजतं. मी मोजतो! पुढच्या शनिवारी तेच रेकॉर्डिंग आणि तेच खोकं घेऊन परत जातोय. ४० चा आकडा त्यांनी छापलाय, तो दाखवायचाही त्यांनीच.