‘म्हणून’वर धरलेला नेम

एखाद्याच्या युक्तिवादाच्याच साच्यात दुसरा विषय भरून, म्हणजे समांतर उदाहरण देऊन, तो खोडला की आक्षेप येतो तो असा:

«‘मग उद्या असंही म्हणाल का की…’ अशी उदाहरणं देणं म्हणजे मुद्द्याला उत्तर नव्हे. माझा विषय वेगळा, तुमचं उदाहरण वेगळं. विचित्र काहीतरी जोडून फक्त थट्टा होते. आणि माझा निष्कर्ष खरा असेल, तर तुमच्या गाढव-घोड्यांनी काय फरक पडतो?»

आधी विषयाचं बघू. हा युक्तिवाद घ्या: सगळे परीक्षक माणसं आहेत. काही माणसं पक्षपात करतात. म्हणून काही परीक्षक पक्षपात करतात.

ऐकायला बिनचूक वाटतो. आता यातले विषयाचे शब्द काढून टाका आणि ‘सगळे’, ‘काही’, ‘म्हणून’ जागच्या जागी राहू द्या. परीक्षक म्हणजे क, माणसं म्हणजे ख, पक्षपात करणारे म्हणजे ग. उरतं ते असं: सगळे क हे ख आहेत, काही ख हे ग आहेत, म्हणून काही क हे ग आहेत. परीक्षकांबद्दल यात आता काहीच नाही. तरीही ‘म्हणून’ म्हणण्याचा हक्क याच सांगाड्याच्या जोरावर मागितलेला होता. हक्क सांगाड्याचा असेल, तर त्याच सांगाड्यात दुसरं काहीही भरलं तरी तो टिकला पाहिजे.

भरताना सुरुवात शेवटाकडून करायची. नवशिके आधारविधानं, म्हणजे ‘म्हणून’च्या आधीची विधानं, आधी शोधतात आणि अडकतात. आधी उघड खोटा निष्कर्ष ठरवा: काही त्रिकोणांना चार बाजू असतात. क आणि ग इथेच मिळाले. आता असा ख हवा, ज्यात सगळे त्रिकोण येतील आणि चार बाजूंचंही काहीतरी येईल. ‘आकृत्या’ चपखल बसतं. सगळे त्रिकोण आकृत्या आहेत. काही आकृत्यांना चार बाजू असतात. म्हणून काही त्रिकोणांना चार बाजू असतात. वरची दोन्ही विधानं खरी, खालचं खोटं, आणि सांगाडा अक्षरशः तोच.

रोग कुठे आहे तेही आता दिसतं. ‘काही आकृत्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या, हे कुणी सांगितलेलंच नाही. त्या सगळ्या त्रिकोणांच्या बाहेरच्या असू शकतात. तशीच पक्षपात करणारी ‘काही माणसं’ सगळीच्या सगळी परीक्षक नसलेली असू शकतात.

तेव्हा नुसतं ‘विषय वेगळा’ म्हणून भागत नाही. विषय मुद्दामच वेगळा घेतलेला असतो. दाखवायचा तो असा फरक, ज्यावर मूळ युक्तिवाद उभा होता आणि जो उदाहरणात नाही. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, हीच कसोटी हेतूला, म्हणजे दिलेल्या कारणाला लावतात. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तो प्रमेय आहे’, म्हणजे जाणता येतो, असं कुणी म्हटलं, तर उत्तर येतं: तळंही प्रमेय आहे, तिथे कुठे अग्नी आहे? पर्वत उंच आणि तळं खोल, हा बचाव तिथे चालत नाही, कारण हेतू म्हणून उंची दिलेलीच नव्हती. हेतू सव्यभिचार ठरतो, म्हणजे जे सिद्ध करायचं ते नसलेल्या जागीही तो सापडतो. ‘कारण तिथे धूर आहे’ म्हटलं असतं, तर तळ्याचं उदाहरण लागूच झालं नसतं.

फरक दाखवण्याचा रीतसर प्रयत्न कसा असतो, हे अकराव्या शतकातल्या एका वादात दिसतं. अॅन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताचा युक्तिवाद थोडक्यात असा: ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, ते निदान मनात तरी आहे, नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं अधिक थोर, म्हणून ते, म्हणजे ईश्वर, प्रत्यक्षात असलंच पाहिजे. गॉनिलो नावाच्या भिक्षूने त्यात ‘सगळ्यात उत्तम बेट’ बसवलं आणि याच चालीने तेही समुद्रात कुठेतरी असायला हवं, असं दाखवलं. अॅन्सेल्मचं उत्तर होतं की आपली चाल फक्त ‘ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही’ त्यालाच लागू पडते. पुढच्या काळात बचाव करणाऱ्यांनी कारण जोडलं: बेटाच्या चांगलेपणाला वरची हद्दच नाही, आणखी एक झाड कधीही लावता येतं. हा बचाव पुरेसा आहे का, यावर वाद चालू आहे. पण त्याने बोट ठेवलं ते युक्तिवादातल्याच एका कलमावर.

थट्टेच्या आक्षेपात तथ्य थोडंच. निष्कर्ष हास्यास्पद घेतात, कारण तो खोटा आहे यावर वेगळा वाद नको असतो. चिमटा काढायला समोरच्याची जात, पक्ष किंवा आवडता नेता उदाहरणात आणला, तर मात्र पद्धतच वाया जाते: त्या विधानांच्या खरेखोटेपणावरच भांडण सुरू होतं. त्रिकोण बरे, त्यांची बाजू घेऊन कुणी भांडत नाही.

खऱ्या निष्कर्षाचा मुद्दा मात्र सगळ्यात जास्त फसवतो. काही परीक्षक पक्षपात करत असतीलही. त्रिकोणांच्या उदाहरणाने ते खोटं ठरलेलं नाही आणि तसा दावाही नाही. नेम निष्कर्षावर नसून ‘म्हणून’ या शब्दावर आहे. दिलेल्या दोन विधानांतून ती गोष्ट निघत नाही, एवढंच सिद्ध झालं. खरी असेल तर तिला वेगळा आधार द्या, उदाहरणार्थ, तपासलेल्या उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून नावं झाकून पुन्हा तपासून घ्या आणि गुणांतला फरक बघा. उलट बाजूने, ‘बघा, तुमचा निष्कर्ष खोटा ठरला’ असं म्हणणारा खंडनकर्ताही तितकाच चुकतो.

खंडन फसतं ते आणखी दोन ठिकाणी, आणि आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्यावा. पहिलं ठिकाण सोपं आहे: सगळे पक्षी उडतात, पेंग्विन पक्षी आहे, म्हणून पेंग्विन उडतो. निष्कर्ष खोटा, पण सांगाडा निर्दोष आहे. खोटं आहे ते पहिलं विधान. समांतर उदाहरणातली आधारविधानं एकेक करून तपासायची ती यासाठीच.

दुसरं ठिकाण अवघड. ‘हा चेंडू पूर्ण लाल आहे, म्हणून तो पूर्ण हिरवा नाही.’ हा युक्तिवाद बरोबर आहे. पण कुणी सांगाडा काढला ‘हा प आहे, म्हणून हा फ नाही’, आणि भरलं ‘हा चेंडू पूर्ण लाल आहे, म्हणून तो गोल नाही’. बरोबर युक्तिवाद खोडल्यासारखा वाटतो! चूक अशी, की इथे काम सांगाडा करतच नव्हता, ‘लाल’ आणि ‘हिरवा’ यांचे अर्थ करत होते, आणि अक्षरं घालताना ते अर्थच पुसले गेले. असं उदाहरण अंगावर आलं तर गृहीत धरलेलं विधान उघड लिहायचं: जे पूर्ण लाल असतं ते पूर्ण हिरवं नसतं. मग समोरच्यालाही त्याच जागी ‘जे पूर्ण लाल असतं ते गोल नसतं’ असं लिहावं लागतं. ते विधान उघडच खोटं आहे, आणि त्याचं समांतर उदाहरण तिथेच कोसळतं.